९५ रुपयांचा रोखा, ७.०२ टक्क्यांचा परतावा

भारत सरकारने जुलै २०२१ मध्ये दहा वर्षांच्या मुदतीचा एक रोखा विकायला काढला. त्याचे नाव ‘६.१० टक्के जीएस २०३१’. नावातच अर्धी माहिती आहे. शंभर रुपये दर्शनी किमतीवर वर्षाला ६ रुपये १० पैसे व्याज, तेही दोन हप्त्यांत म्हणजे दर १२ जानेवारी आणि १२ जुलैला प्रत्येकी ३ रुपये ५ पैसे. मुद्दल १२ जुलै २०३१ रोजी परत. या ठरलेल्या व्याजाला बाजारात ‘कूपन’ म्हणतात. पूर्वी कर्जरोख्याच्या कागदाला कापून द्यायचे तुकडे जोडलेले असत, त्यावरून ते नाव राहिले.

हा रोखा निघाला तेव्हा रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता. मे २०२२ पासून तो वाढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा टक्क्यांवर पोहोचला. नवे सरकारी रोखे सात टक्क्यांच्या पुढे व्याज देऊ लागल्यावर ६.१० टक्क्यांच्या जुन्या रोख्याला शंभर रुपये कोण देणार? कूपन तर बदलता येत नाही. मग बदलतो तो भाव. तो शंभराच्या खाली उतरतो आणि कमी व्याजाची भरपाई खरेदीदाराला कमी भावातून मिळते.

ही भरपाई नेमकी किती टक्क्यांची, हे कसे काढायचे तेच या लेखात पाहू. समजा, १२ जुलै २०२४ रोजी, म्हणजे त्या दिवसाचे कूपन जुन्या मालकाला मिळून गेल्यावर, हा रोखा तुम्ही ९५ रुपयांना घेतला. मुदत बरोबर सात वर्षे उरली. चौदा वेळा ३.०५ रुपये येतील आणि शेवटी १०० रुपये. रोखा शेवटपर्यंत ठेवला, तर तुमच्या ९५ रुपयांवर दरसाल किती टक्के सुटले? या दराला ‘यील्ड टू मॅच्युरिटी’ किंवा नुसते ‘वायटीएम’ म्हणतात. मराठीत मुदतपूर्ती परतावा म्हणता येईल.

दोन अपुरी उत्तरे

पहिले उत्तर सहज सुचते. वर्षाला ६.१० रुपये मिळतात आणि गुंतवले ९५, तेव्हा ६.१० भागिले ९५, म्हणजे ६.४२ टक्के. याला चालू परतावा म्हणतात. यात चूक नाही, पण हे उत्तर अर्धेच आहे. ९५ ला घेतलेल्या रोख्याचे शेवटी १०० मिळणार आहेत, ते जादा पाच रुपये यात कुठेच आलेले नाहीत.

ते पाच रुपये सात वर्षांत वाटून टाकले की दुसरे उत्तर मिळते. वर्षाला सुमारे ७१ पैसे आले. कूपनचे ६.१० आणि हे ०.७१ मिळून ६.८१ रुपये. गुंतवणूक सुरुवातीला ९५ आणि शेवटी १००, म्हणून सरासरी ९७.५० धरायची. ६.८१ भागिले ९७.५०, म्हणजे ६.९९ टक्के. कागद-पेन्सिलीवर अर्ध्या मिनिटात होणारा हा हिशेब खऱ्या उत्तराच्या अगदी जवळ जातो. खरे उत्तर ७.०२ आहे.

मग हे तीन शतांशांचे अंतर कुठून आले? पाच रुपयांची वाढ दरवर्षी सारखी होते असे आपण धरले, पण ती तशी होत नाही. बाजारातला दर स्थिर राहिला, तर पहिल्या सहामाहीत रोख्याची किंमत फक्त २८ पैशांनी चढते आणि शेवटच्या सहामाहीत ४४ पैशांनी. वाढ आधी मंद आणि नंतर वेगाने होते, म्हणून तुमची सरासरी गुंतवणूक ९७.५० हून थोडी कमीच असते आणि परतावा थोडा जास्त निघतो. सात वर्षांच्या रोख्यात हा फरक नगण्य आहे. मात्र हेच कूपन असलेला तीस वर्षांचा रोखा ८७ रुपयांना घेतला, तर सोप्या रीतीने ६.९९ टक्के येतात आणि खरा परतावा ७.१६ असतो. मुदत जितकी लांब आणि भाव जितका खाली, तितकी ही रीत अधिक चुकते. तिचा उपयोग पहिल्या अंदाजापुरता.

खरे उत्तर अंदाजानेच सापडते

खऱ्या उत्तरासाठी प्रश्न उलटा विचारावा लागतो. पुढे येणारी प्रत्येक रक्कम आजच्या हिशेबात किती मोलाची, हे एखादा दर धरून काढायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. ज्या दराने ती बेरीज बरोबर ९५ येईल, तोच आपला वायटीएम.

७ टक्के धरून पाहू. व्याज सहामाही आहे, म्हणून सहा महिन्यांचा दर साडेतीन टक्के. सहा महिन्यांनी येणारे ३.०५ रुपये आज किती मोलाचे? ३.०५ ला १.०३५ ने भागायचे, की येतात २.९५. वर्षाने येणाऱ्या ३.०५ ला १.०३५ ने दोनदा भागायचे, की २.८५. असे करत चौदाव्या सहामाहीपर्यंत जायचे. तिथे कूपन आणि मुद्दल मिळून १०३.०५ रुपये येतात. त्यांना १.०३५ ने चौदा वेळा भागले की ६३.६६ उरतात. सगळ्यांची बेरीज ९५.०९ होते.

आपण दिले ९५. बेरीज नऊ पैशांनी जास्त आली, याचा अर्थ धरलेला दर थोडा कमी पडला. दर वाढवला की पुढच्या रकमांचे आजचे मोल घटते. भाव आणि परतावा नेहमी असे उलट्या दिशांना जातात. आता ७.२ टक्के धरू, म्हणजे सहामाही ३.६ टक्के. बेरीज येते ९४.०३. हा दर जास्त झाला. उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे आणि ७ च्या बरेच जवळ आहे.

किती जवळ, हे त्रैराशिकाने सांगता येते. दर ७ वरून ७.२ वर गेला, म्हणजे ०.२ ने वाढला, तेव्हा बेरीज १.०६ रुपयांनी घटली. आपल्याला फक्त ०.०९ ने घटवायची आहे. ०.०९ भागिले १.०६, गुणिले ०.२, म्हणजे जवळजवळ ०.०१७. ते ७ मध्ये मिळवले की ७.०१७. हा दर पुन्हा बेरजेत घालून पाहिला की ९५ रुपये येतात. दोन दशांश स्थळांपर्यंत आपला वायटीएम ७.०२ टक्के.

एका फटक्यात उत्तर देणारे सूत्र का नाही, असे विचारावेसे वाटते. समीकरणात अज्ञात दर भाजकात बसला आहे आणि त्याचा घात चौदापर्यंत जातो. अशा समीकरणातून दर सरळ सोडवून बाहेर काढता येत नाही, म्हणून संगणकही अंदाज आणि दुरुस्ती हीच वाट धरतो, फक्त क्षणार्धात. एक्सेलमध्ये किंवा गुगल शीट्समध्ये हे लिहा:

```
=RATE(14,3.05,-95,100)*2
```

चौदा हप्ते, प्रत्येकी ३.०५, खिशातून गेलेले ९५ म्हणून उणे चिन्ह, शेवटी येणारे १००. उत्तर सहामाही दरात मिळते, म्हणून दोनने गुणले. ते येते ७.०२ टक्के.

उत्तर बरोबर आहे का, हे ताडण्याची एक सोपी खूण आहे. रोखा शंभराच्या खाली घेतला असेल, तर कूपन सगळ्यांत लहान, चालू परतावा मधला आणि वायटीएम सगळ्यांत मोठा यायला हवा. आपल्याकडे ६.१०, ६.४२ आणि ७.०२ असा क्रम आहे. हा क्रम उलटा आला, तर कुठेतरी आकडा चुकीचा भरला गेला आहे असे खुशाल समजावे. बहुतेक वेळा उत्तर दोनने गुणायचे राहून गेलेले असते.

कूपनच्या तारखेला कोण खरेदी करतो?

आतापर्यंत आपण सोयीची तारीख घेतली. प्रत्यक्षात खरेदी दोन कूपनांच्या मध्येच केव्हातरी होते आणि सामान्य गुंतवणूकदाराचा हिशेब बहुधा इथेच घसरतो.

समजा, तोच रोखा ९५ च्याच भावाने २६ सप्टेंबर २०२४ ला घेतला. सरकारी रोख्यांचा व्यवहार दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पुरा होतो, म्हणून पैसे गेले आणि रोखा खात्यात आला तो २७ सप्टेंबरला. हिशेबात हीच तारीख धरायची, ऑर्डर दिल्याची नव्हे. १२ जुलैपासून तोवरचे व्याज विकणाऱ्याने कमावलेले आहे, पण पुढचे पूर्ण कूपन १२ जानेवारीला तुम्हाला मिळणार. म्हणून विकणाऱ्याचा वाटा तुम्ही आधीच चुकता करता. कॅलेंडरवर मधले दिवस ७७ भरतात. पण भारतातल्या सरकारी रोख्यांचा रिवाज महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचे धरण्याचा आहे, त्यामुळे दोन महिने आणि पंधरा दिवस मिळून ७५ दिवस. ६.१० गुणिले ७५ भागिले ३६०, म्हणजे १ रुपया २७ पैसे.

तेव्हा पडद्यावर भाव ९५ दिसला, तरी शंभर दर्शनी रुपयांमागे तुमच्या खात्यातून ९६.२७ जातात. किरकोळ गुंतवणूकदाराला सरकारी रोखा किमान दहा हजार दर्शनी रुपयांचा घेता येतो. तेवढ्यासाठी ९,६२७ रुपये ८ पैसे लागतील. बाजाराच्या भाषेत ९५ ही ‘क्लीन प्राइस’ आणि ९६.२७ ही ‘डर्टी प्राइस’.

वायटीएम काढताना येणाऱ्या रकमांची आजची बेरीज ९६.२७ शी जुळवावी लागते, कारण खिशातून तेवढे गेले आहेत. पहिले कूपन आता पूर्ण सहामाहीनंतर नव्हे, तर १८० पैकी १०५ दिवसांनी येणार. म्हणून त्याला पूर्ण घाताऐवजी १०५ भागिले १८० एवढ्या घाताने भागायचे आणि पुढच्या प्रत्येक हप्त्याला एकेक वाढवत जायचे. हाताने हे किचकट होते. एक्सेलमध्ये यासाठी वेगळे फंक्शन आहे:

```
=YIELD(DATE(2024,9,27),DATE(2031,7,12),6.10%,95,100,2,0)
```

कंसात क्रमाने व्यवहार पुरा होण्याची तारीख, मुदतपूर्तीची तारीख, कूपनचा दर, भाव, परतफेडीची रक्कम, वर्षातले हप्ते आणि शेवटी ३०/३६० च्या रिवाजासाठी शून्य. उत्तर ७.०४ टक्के. भाव तोच आणि मुदत थोडी कमी, म्हणून पाच रुपये जरा लवकर हाती येतात आणि परतावा किंचित वाढतो.

या फंक्शनमध्ये भाव म्हणून क्लीन प्राइसच द्यायची असते, साचलेले व्याज ते स्वतः मिळवते. पुष्कळ जण खात्यातून गेलेली रक्कम बघून ९६.२७ भरतात. मग साचलेले व्याज दोनदा मोजले जाते आणि उत्तर ६.७९ टक्के येते, म्हणजे पाव टक्क्याची चूक. दुकानदाराने सांगितलेला परतावा आणि तुमचा आकडा यांत असा पाव टक्क्याच्या आसपासचा फरक दिसला, तर आधी हे तपासा.

७.०२ टक्के म्हणजे नेमके काय?

आकडा हाती आला की तो शेजारच्या बँकेच्या मुदत ठेवीशी ताडून पाहण्याचा मोह होतो. तिथे जपून. आपले ७.०२ हे साडेतीन टक्क्यांच्या किंचित वरच्या सहामाही दराची केवळ दुप्पट आहे, सहा महिन्यांनी मिळालेल्या व्याजावरचे व्याज त्यात धरलेले नाही. ते धरले तर वार्षिक दर ७.१४ टक्के होतो. एक्सेलमधले ‘XIRR’ फंक्शन याच पद्धतीने चालते, म्हणून तेच आकडे त्यात घातले तर उत्तर ७.१४ च्या आसपास येते. लोक गोंधळतात, पण दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, मोजपट्टी वेगळी आहे. आपल्याकडच्या बँका मुदत ठेवीवर साधारणपणे तिमाही चक्रवाढ देतात. ७ टक्क्यांची अशी ठेव वर्षाला ७.१९ टक्के पडते. म्हणजे ७.०२ च्या रोख्यापेक्षा ७ टक्क्यांची ठेव किंचित सरस! तुलना करायची तर दोन्ही दर आधी वार्षिक करून घ्यायचे.

दुसरी अट अधिक खोल आहे. वायटीएमच्या गणितात असे गृहीत आहे की मिळालेले प्रत्येक कूपन तुम्ही त्याच ७.०२ टक्क्यांनी पुन्हा गुंतवता. तसे केले, तर ९५ रुपयांचे सात वर्षांनी १५३.९४ होतात. त्यात मुद्दलाचे १००, चौदा कूपनांचे ४२.७० आणि कूपनांवर मिळालेल्या व्याजाचे ११.२४. हे शेवटचे सव्वाअकरा रुपये सरकार देत नाही, ते तुम्हाला कमवावे लागतात. कूपने हाती आल्यावर तशीच पडून राहिली, तर सात वर्षांनी १४२.७० जमतात आणि याच मोजपट्टीने परतावा ५.९० टक्क्यांवर येतो. कूपन दरमहाच्या खर्चासाठी वापरणाऱ्या निवृत्त माणसाचे यात काही बिघडत नाही, कारण त्याला पैसे वेळेवर मिळतात आणि तो ते वापरतो. पण सात वर्षांनी अमुक इतकी रक्कम हवी म्हणून रोखा घेणाऱ्याने वायटीएम हे आश्वासन समजू नये.

यातच कमी भावाने घेतलेल्या रोख्याचा एक गुण दडला आहे. त्याच्या परताव्याचा काही भाग शेवटच्या पाच रुपयांत बांधलेला असतो आणि तो पुन्हा गुंतवण्याची चिंता नसते. म्हणून सारख्या मुदतीच्या आणि सारख्या वायटीएमच्या दोन रोख्यांत कमी कूपनचा रोखा या जोखमीपासून थोडा अधिक सुरक्षित असतो. उलट मुदतीआधी विकायची वेळ आली, तर बाजारातल्या दराच्या चढउतारांनी त्याचा भाव जरा जास्त हलतो.

कर वायटीएममध्ये धरलेलाच नसतो. कूपनवर दरवर्षी तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार कर लागतो, तर भावातल्या पाच रुपयांचा प्रश्न विकताना किंवा परतफेडीच्या वेळी येतो. वरच्या टप्प्यातल्या करदात्याने दोन्ही भाग वेगळे करून, कर वजा केलेल्या रकमांवर हेच गणित पुन्हा केले, तरच त्याला स्वतःचा खरा दर कळेल.

भाव कमी आहे, पण का?

आपल्या रोख्याचा भाव उतरला तो व्याजदर वाढल्यामुळे. भारत सरकार रुपयांतले कर्ज फेडेल याबद्दल बाजाराला शंका नव्हती. खासगी कंपनीचा रोखा स्वस्त मिळतो तेव्हा कारण वेगळे असू शकते. मुंबईच्या दिवाण हाउसिंग फायनान्सने, म्हणजे डीएचएफएलने, जून २०१९ मध्ये रोख्यांचे व्याज वेळेवर दिले नाही आणि नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले. अशा कंपनीच्या रोख्याचा भाव कोसळला की सूत्र निमूटपणे प्रचंड परतावा दाखवते, कारण ठरलेली प्रत्येक रक्कम ठरल्या दिवशी येणार असे ते गृहीत धरते. त्या आकड्यातला मोठा भाग हा परतावा नसून पैसे बुडण्याच्या भीतीची किंमत असते. एकाच मुदतीच्या सरकारी रोख्याहून एखाद्या रोख्याचा वायटीएम तीन-चार टक्के जास्त दिसला, तर त्याला लाभ म्हणण्याआधी कंपनीचे पतमानांकन आणि ताळेबंद बघावा.

नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ सोयीमुळे सामान्य माणूस सरकारी रोखे थेट घेऊ शकतो, आणि पडद्यावर भावाशेजारी वायटीएमही दिसतो. तो आकडा जसाच्या तसा मानू नका, एकदा स्वतः काढून बघा. व्यवहार पुरा होण्याची तारीख, क्लीन प्राइस, कूपन आणि मुदतपूर्तीची तारीख, एवढे चार आकडे पुरतात. उत्तर जुळले, तर आपण काय विकत घेतोय ते तुम्हाला समजले आहे. जुळले नाही, तर फरकाचे कारण सापडेपर्यंत पैसे देऊ नका.